‘दुखावल्या गेल्या असल्यास’

(पनवेल येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू इतकी वर्षं रोज पनवेल लोकल पकडून मुंबईला जाऊन नेमकं काय करतेस ते एकदा सांग.’ मी कंपन्यांची निवेदनं लिहिते. कंपनीचं काही चुकलं, किंवा चुकलं असं लोकांना वाटलं, की वर्तमानपत्रांकडे जो चार-पाच ओळींचा कागद जातो तो लिहिणाऱ्यांपैकी मी एक. त्यातलं सगळ्यात अवघड काम सणासुदीला येतं. दिवाळीची किंवा गणपतीची एखादी जाहिरात निघते, कुणाला ती खटकते, ‘भावना दुखावल्या’ असं म्हटलं जातं आणि दुपारपर्यंत निवेदन हवं असतं. आज मी त्या चार-पाच ओळींबद्दलच बोलणार आहे.

विषय निवडायला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कच्या जाहिरातीवरून आपल्याच वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात दोन दिवस जुंपली होती. दोघं जण गट सोडून गेले, आणि आज ते दोघंही पहिल्या रांगेत शेजारी-शेजारी बसलेले दिसताहेत. तेव्हा आता त्यावर बोलायला हरकत नाही.

जाहिरात आठवत असेल. तनिष्क हा टाटा समूहातल्या टायटन कंपनीचा दागिन्यांचा ब्रँड. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ‘एकत्वम’ नावाची मालिका आणली आणि तिची एक छोटी फिल्म केली. मुस्लिम घरात लग्न होऊन आलेली एक हिंदू मुलगी गरोदर आहे आणि सासरची माणसं तिच्या माहेरच्या पद्धतीनं डोहाळजेवण करताहेत. ती सासूला म्हणते, तुमच्याकडे तर ही रीत नाही. सासू म्हणते, मुलीला आनंदात ठेवण्याची रीत तर प्रत्येक घरात असते. इतकंच. काहींना ती सुंदर वाटली. काहींना ती एका वादग्रस्त गोष्टीला गोड रूप देणारी वाटली. बहिष्काराची हाक निघाली आणि काही दिवसांतच फिल्म मागे घेतली गेली.

फिल्म मागे घेताना कंपनीनं काढलेलं निवेदन तीन वाक्यांचं होतं. त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगते. पहिलं वाक्य हेतू सांगतं: कठीण काळात वेगवेगळ्या थरांतली माणसं, समाज आणि कुटुंबं एकत्र येण्याचा आनंद साजरा करायचा होता. दुसरं परिणाम सांगतं: मूळ उद्देशाच्या अगदी उलट, तीव्र आणि परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या. तिसरं सांगतं की नकळत भावना ढवळल्या गेल्या याचं आम्हाला अतिशय दुःख आहे, आणि दुखावलेल्या भावना, तसंच आमचे कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतली माणसं यांचं हित लक्षात घेऊन आम्ही ही फिल्म मागे घेत आहोत.

माझ्या धंद्यातली माणसं हे निवेदन एकेक शब्द तपासत वाचतात. तुम्हीही तसं वाचा. ह्यात ‘माफी’ कुठेच नाही. दुःख आहे, माघार आहे, पण आम्ही चुकलो असं कंपनी म्हणत नाही. पुष्कळांना हा भित्रेपणा वाटला. मला मात्र त्यातला शेवटचा तुकडा सगळ्यात खरा वाटतो: दुकानांतल्या माणसांचं हित. कच्छमधल्या गांधीधामच्या दुकानाला त्या दिवसांत धमक्यांचे फोन आले होते. दुकानावर हल्ला झाल्याची बातमीही पसरली. पोलिसांनी ती खोटी असल्याचं सांगितलं. पण दुकानाच्या दारावर कच्छमधल्या हिंदूंची माफी मागणारा हातानं लिहिलेला कागद लागला होता, हे खरं. म्हणजे वरच्या कार्यालयानं माफी मागितली नाही आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसांना ती मागावी लागली. निवेदन लिहायला बसले की मला आधी तो कागद आठवतो. आपण जे लिहीत नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी दारावर चिकटवावं लागतं.

त्याच जाहिरातीविरुद्ध ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार गेली होती. ही जाहिरात क्षेत्रानं स्वतःच्या नियमनासाठी उभी केलेली संस्था. तिथल्या मंडळानं एकमतानं सांगितलं की जाहिरातीत असभ्य किंवा किळसवाणं काही नाही, नियमांचा भंग झालेला नाही. म्हणजे नियमानं जाहिरात निर्दोष होती आणि तरीही ती चालू ठेवणं कंपनीला शक्य वाटलं नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि निवेदनात त्या दोन्हींना जागा लागते.

आता पुढचं वर्ष. ऑक्टोबर २०२१, करवा चौथ. डाबरच्या फेम ब्लीचच्या जाहिरातीत दोन तरुणी एकमेकींसाठी करवा चौथ करताना दाखवल्या होत्या. टीका झाली, मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. कंपनीची दोन निवेदनं आली. पहिल्याचा आशय असा: विविधता आणि समानता ही आमची मूल्यं आहेत, त्यांचा आम्हाला अभिमान आहे, सगळ्यांना ते पटेल असं नाही, त्यांच्या मताचा आदर आहे, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर ते अजाणता झालं, त्याबद्दल माफी. दुसरं लगेच मागोमाग आलं, त्याहून खूप आखूड: मोहीम मागे घेतली आहे, अजाणता भावना दुखावल्याबद्दल बिनशर्त माफी मागतो.

पहिलं निवेदन टिकलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या आतच आहे. वरच्या ओळीत अभिमान आणि खालच्या ओळीत माफी. वाचणारा विचारतो, अभिमान आहे तर माफी कशाची? आणि माफी मागायची आहे तर अभिमान कशाचा? ज्यांना जाहिरात आवडली होती त्यांना खालची ओळ टोचली, ज्यांना खटकली होती त्यांना वरची. दोन्ही बाजूंना सांभाळायला लिहिलेला कागद कुणाचाच होत नाही.

बाई इथे बसल्या आहेत म्हणून आता थोडं व्याकरण. बाईंनी आपल्याकडून कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग इतक्या वेळा लिहून घेतले होते की त्याचा उपयोग कुठे होईल असं तेव्हा वाटायचं. माझा तर सगळा धंदाच त्यावर चालतो. मराठीतलं ठरलेलं वाक्य घ्या: ‘कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगिरी व्यक्त करतो.’ ‘दुखावल्या गेल्या’ म्हटलं की दुखावणारा वाक्यातून निघून जातो. ‘कोणाच्या’ म्हटलं की ज्याला लागलं तोही निघून जातो. ‘असल्यास’ म्हटलं की लागलं की नाही तेच ठरत नाही. आणि ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणजे मला वाईट वाटतं. पाऊस लवकर गेला तरी मला वाईट वाटतं. माफी मागताना समोरच्याकडून काहीतरी मागायचं असतं आणि तो नाही म्हणू शकतो. दिलगिरी व्यक्त करायला समोर कुणी नसलं तरी चालतं.

मग सगळे हेच वाक्य का लिहितात? केवळ आळस नव्हे, त्यात वकिलाचा हात असतो. धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९५ अ खाली होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. त्यात नुसतं दुखावणं पुरत नाही, ते जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेलं असावं लागतं. महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर हातात वस्तू घेतलेल्या विष्णूच्या रूपात दाखवलं होतं. त्यावरून त्याच्याविरुद्ध सुरू झालेला खटला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये रद्द केला, तो हेतूच्या ह्याच मुद्द्यावर. म्हणून वकील म्हणतात, ‘अनवधानाने’ हा शब्द हवाच. त्यांचं बरोबर आहे. पण तो शब्द न्यायाधीशासाठी आहे. ज्या माणसाला लागलं त्याला हेतूपेक्षा आधी हे ऐकायचं असतं की काय लागलं ते तुम्हाला कळलं आहे. म्हणून मी तो शब्द राहू देते, पण शेवटाकडे नेते.

पळवाटीचं आणखी एक रूप त्याच महिन्यात दिसलं. फॅबइंडियानं ‘जश्न-ए-रिवाज’ नावानं कपडे आणले. दिवाळीला उर्दू नाव दिलं म्हणून टीका झाली. कंपनीनं सांगितलं की हे आमचे दिवाळीचे कपडे नाहीतच, दिवाळीचे ‘झिलमिल सी दिवाली’ ह्या नावानं अजून यायचे आहेत. पण त्यांच्याच आधीच्या मजकुरात प्रेमाच्या आणि प्रकाशाच्या सणाचं स्वागत करत असल्याचा उल्लेख होता आणि तो लोकांनी जपून ठेवला होता. आक्षेप योग्य होता की नाही हा वेगळा प्रश्न. कंपनीला ‘उर्दू ह्याच मातीतली भाषा आहे, आम्ही हे नाव आवडीनं ठेवलं’ असं म्हणता आलं असतं. ते न म्हणता त्यांनी कपड्यांची यादी पुढे केली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर टाळून शेजारच्या प्रश्नाचं उत्तर दिलं की ते लगेच ओळखू येतं.

आता मी काम कसं करते ते आपल्या गावातल्या उदाहरणानं सांगते. उदाहरण काल्पनिक आहे, कुणी दुकानदार इथे असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये. समजा पनवेलमधल्या एका मिठाईवाल्यानं गणपतीच्या आधी मोदकांची जाहिरात छापली, वर मोठं बाप्पाचं चित्र, आणि ती वर्तमानपत्रात घालून घरोघर पोहोचवली. दुसऱ्या दिवशी ती पत्रकं रस्त्यात, गटारात, भाजीच्या कचऱ्यात. लोक चिडले, दुकानापाशी येऊन बोलले. मालक माझ्याकडे कच्चा मजकूर आणतो. त्यात असतं: आम्ही तीन पिढ्या गणपती बसवतो, आमची श्रद्धा कुणाहून कमी नाही, काही मंडळी मुद्दाम वातावरण बिघडवत आहेत, तरी कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास अनवधानाने झालेल्या प्रकाराबद्दल दिलगिरी.

तीन पिढ्यांचं वाक्य खरं आहे, तरी मी खोडते, कारण त्यानं चर्चा पत्रकावरून मालकाच्या श्रद्धेवर जाते. ‘काही मंडळी’ खोडते, कारण तक्रार करणाऱ्यांत रोज पेढे नेणारी आजीही आहे. मग त्याला एकच विचारते: पत्रक रस्त्यावर पडणार हे आधी कळण्यासारखं होतं का? तो म्हणतो, हो, पत्रकं पडतातच. झालं, निवेदन तिथेच तयार झालं:

‘गणेशोत्सवानिमित्त आम्ही वर्तमानपत्रातून वाटलेल्या पत्रकावर श्रीगणेशाचे चित्र होते. ती पत्रके रस्त्यावर आणि कचऱ्यात पडली, ती पायदळी आली, याचे अनेकांना वाईट वाटले. असे होणार हे छापण्यापूर्वी आमच्या लक्षात यायला हवे होते. आम्ही आपली क्षमा मागतो. उरलेली पत्रके वाटणे थांबवले आहे. आपल्याकडचे पत्रक दुकानात आणून द्यावे. ती सर्व एकत्र करून आम्ही लगद्यासाठी पाठवू. यापुढे आमच्या पत्रकांवर, पिशव्यांवर आणि खोक्यांवर देवांची चित्रे छापणार नाही.’ खाली मालकाचं नाव आणि सही. ‘व्यवस्थापन’ नको, व्यवस्थापन रस्त्यात कुणाला भेटत नाही.

‘अनवधानाने’ मी शेवटाकडे नेते म्हटलं, पण इथे तोही लागला नाही. आधी लक्षात यायला हवं होतं, ह्यातच हेतू नव्हता हे आलं. असा मजकूर वकिलाला दाखवायचाच. तो एखादा शब्द बदलतो, बदलू द्यावा, फक्त ‘असल्यास’ परत घालू देऊ नये. शेवटचं वचनही जपून द्यायचं. जेवढं पाळता येईल तेवढंच. पुढच्या वर्षी खोक्यावर बाप्पा दिसला तर हा कागद लोक पुन्हा बाहेर काढतील. आणि ह्याच कागदावर दहा टक्के सवलतीची ओळ नको. असा मोह होतो, मी पाहिलं आहे.

निवेदन नीट झालं की नाही हे ओळखायची माझी एक सोपी रीत आहे. ज्यानं जाहिरात पाहिलीच नाही अशा माणसाला ते वाचायला द्यायचं आणि विचारायचं, काय झालं होतं? सांगता आलं तर ठीक. ‘काहीतरी झालं आणि ह्यांना वाईट वाटतंय’ एवढंच तो म्हणाला तर पुन्हा लिहायचं.

पण समजा त्याच मिठाईवाल्याची जाहिरात वेगळी होती. शेजारची मुस्लिम मुलगी आरतीला येते आणि प्रसादाचा मोदक घेऊन घरी जाते. तिच्यावरही तक्रारी आल्या. इथे वरचा मसुदा चालणार नाही. पहिल्या वेळी मालकाची कृती चुकली होती, हेतूला धक्का न लावता ती सुधारता येत होती. इथे आक्षेप जाहिरातीच्या कल्पनेवरच आहे. माफी मागायची तर ‘ती मुलगी आरतीला यायला नको होती’ असं म्हणावं लागेल. मालकाला तसं वाटतं का? वाटत नसेल तर माफीचा शब्द खोटा पडेल, आणि त्या मुलीसारख्या गावातल्या खऱ्या मुलींना तो लागेल. भावना त्यांनाही आहेत. त्या मोर्चा आणत नाहीत एवढंच. म्हणून मसुदा असा:

‘आमच्या जाहिरातीत शेजारची मुस्लिम मुलगी आरतीला आलेली दाखवली आहे. काहींना हे रुचले नाही. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. जाहिरातीत देवाचा किंवा पूजेचा उपहास नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून ती आम्ही मागे घेत नाही. आपले मत वेगळे असू शकते. बोलायचे असल्यास मी रोज सायंकाळी ५ ते ७ दुकानात आहे. जाहिरात माझ्या निर्णयाने निघाली आहे, दुकानातील कामगारांना याबद्दल विचारू नये.’

ह्यात माफी नाही आणि उद्धटपणाही नाही. कुणाला मागासलेलं म्हटलेलं नाही, संस्कृतीवर व्याख्यान नाही. शेवटच्या वाक्यानं काउंटरवरच्या पोरांवरचा भार मालकानं स्वतःवर घेतला आहे.

आणि धमक्या आल्या, दगड पडण्याची वेळ आली तर? तर मागे घ्यावी. मोदकांपायी कुणाचं डोकं फुटू नये. पण मग कारणही तेच लिहावं: कामगारांच्या सुरक्षिततेसाठी मागे घेत आहोत. ‘भावनांचा आदर करून’ असं त्यावर पांघरूण घालू नये. आणि धमकीची तक्रार पोलीस ठाण्यात स्वतंत्र द्यावी. निवेदनानं जमाव थांबत नाही, ते काम कागदाचं नाही.

म्हणून तनिष्कच्या त्या निवेदनाबद्दल आपल्या गटात जे भांडण झालं, त्यावर माझं मत एवढंच. जाहिरात आवडलेल्यांनी ‘झुकले’ म्हटलं, न आवडलेल्यांनी ‘माफी कुठे मागितली’ म्हटलं. मला वाटतं, कंपनीला जाहिरात चुकीची वाटत नव्हती, म्हणून तिनं माफी मागितली नाही. दुकानांतल्या माणसांची काळजी वाटत होती, म्हणून तिनं माघार घेतली, आणि ते कारण कागदावर आणलं. उणीव एकच. ‘नकळत भावना ढवळल्या गेल्या’ ह्या कर्मणीत कुणाच्या भावना, कशानं, हे राहून गेलं. तिथे एक कर्तरी वाक्य हवं होतं: ‘दोन धर्मांतलं लग्न आम्ही आनंदानं दाखवलं, ते अनेकांना मान्य नाही, हे आम्हाला कळलं आहे.’

बाई, चुकलं असेल तर मेळावा संपल्यावर पट्टी घेऊन या. आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी गटात परत यावं, हे माझं निवेदन. त्यात ‘असल्यास’ नाही.